परिषदेतील पोस्टर: समान प्रश्नांवर काम करणाऱ्या संशोधकांशी बोलणे कसे सुरू करावे

संशोधन परिषदेत पहिल्यांदा पोस्टर लावणारा विद्यार्थी बहुधा सगळी तयारी पोस्टर ‘समजावून सांगण्याची’ करतो. त्याने पाच मिनिटांचे भाषण पाठ केलेले असते. कोणी समोर थांबले की तो ते सुरू करतो, आणि ऐकणारा मान हलवून, ‘छान काम आहे’ म्हणून पुढे जातो. दीड तासाच्या सत्रात असे वीस जण आले तरी हाती काही लागत नाही. त्या वीस जणांत आपल्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला काम करणारा एखादा असतो आणि तो कोण होता हे कळतही नाही. म्हणून या लेखात पोस्टरच्या सजावटीबद्दल थोडेच सांगितले आहे. त्या माणसाला ओळखावे कसे, थांबवावे कसे आणि त्याच्याशी बोलणे पुढे न्यावे कसे, हा या लेखाचा विषय आहे.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. इंदूरमध्ये सोयाबीनवर काम करणाऱ्यांची ये-जा नेहमीची आहे, कारण सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून याच शहरात आहे. अशाच एखाद्या परिषदेत इथल्या मराठी घरातली, बीजशास्त्रात एम.एस्सी. करणारी विद्यार्थिनी पोस्टर लावते आहे असे समजू. सोयाबीनचे बियाणे ऑक्टोबरात निघते आणि जूनमध्ये पेरले जाते. मधल्या आठ महिन्यांत त्याची उगवण घसरते, आणि प्रमाणित बियाण्याला तर किमान ७० टक्के उगवण लागते. तिने माळव्यातल्या शेतकऱ्यांकडचे बियाणे तागाच्या पोत्यांत आणि हवाबंद पिशव्यांत साठवून वेळोवेळी तपासले. हे उदाहरण कल्पित आहे आणि त्यातले निष्कर्षही समजण्यापुरतेच आहेत. तपासणीच्या पद्धती आणि मानके मात्र खरी आहेत.

आधी माणसे ठरवा, मग पोस्टर

पोस्टरची फाइल उघडण्यापूर्वी एका कागदावर लिहा की, या कामाबद्दल मला कोणाकोणाशी बोलायचे आहे. सुरुवातीला नावे नसली तरी चालेल, कामाचे प्रकार लिहावेत. आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत बीजशरीरक्रियेचे अभ्यासक, बियाण्यावरील बुरशीचे अभ्यासक, मळणीयंत्रांवर काम करणारे कृषी अभियंते आणि टिकाऊ बियाण्याचे वाण शोधणारे पैदासकार असे चार प्रकार होतात. यांतला पहिला प्रकार तिच्या पोस्टरपाशी आपोआप येईल, कारण शीर्षकातच त्याचा विषय आहे. उरलेले तिघे आपल्या विषयाचे नाही म्हणून पुढे जातील, आणि तिला न सुचलेली गोष्ट याच तिघांकडून कळण्याची शक्यता अधिक आहे.

सारांशांची पुस्तिका बहुधा परिषदेच्या काही दिवस आधी मिळते. ती मिळताच या प्रकारांत बसणारी पाच-सहा नावे काढावीत आणि त्यांचे सारांश नीट वाचावेत. नामवंतांची यादी करू नये. एखाद्या विद्यापीठात नुकतेच पीएच.डी.ला लागलेले संशोधकही यादीत हवेत, कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि प्रयोगातले बारकावे त्यांच्या हाताखालून रोज जात असतात. त्यांतल्या दोघा-तिघांना चार ओळींची मेल पाठवावी. मेलमध्ये आपला पोस्टर क्रमांक, सत्राची वेळ, त्यांच्या सारांशातली आपल्या कामाशी जोडलेली नेमकी गोष्ट आणि आपला एक प्रश्न असावा. ‘आपले मार्गदर्शन लाभावे’ असे मोघम लिहिले तर उत्तर येत नाही. ‘आपण मळणीच्या वेळच्या ओलाव्याबद्दल लिहिले आहे. आमच्या काही पोत्यांत उगवण इतरांपेक्षा फार घसरली आणि तिचे कारण मळणीत असावे अशी शंका आहे. पोस्टरपाशी दहा मिनिटे बोलता येईल का?’ असे लिहिले तर बहुधा येते.

याहून परिणामकारक मार्ग म्हणजे ज्याच्याशी बोलायचे त्याचे व्याख्यान किंवा पोस्टर आधी गाठणे. तिथे त्याच्या कामाबद्दल खरा प्रश्न विचारावा आणि निघताना आपला पोस्टर क्रमांक सांगावा.

न सुटलेला प्रश्न पोस्टरवर उघडपणे लिहा

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि सर्वांत जास्त विरोधही हिलाच होतो. नवशिक्याला वाटते की पोस्टरवर फक्त पक्के निष्कर्ष असावेत आणि जे कळले नाही ते झाकावे. मार्गदर्शकही कधी कधी तसेच सुचवतात. पण पूर्ण मिटलेल्या कामाबद्दल बोलण्यासारखे फारसे उरत नाही. समोरच्याला आपले ज्ञान कुठे लावायचे हे दिसले तर तो थांबतो.

आपल्या विद्यार्थिनीचा मुख्य निष्कर्ष असा समजू की, जूनपर्यंत हवाबंद पिशव्यांतली उगवण ७० टक्क्यांच्या वर राहिली आणि पोत्यांतली सरासरी खाली गेली. हा निष्कर्ष अपेक्षितच आहे. हवेतला ओलावा पोत्यातून आत शिरतो, दाण्याचा ओलावा वाढतो आणि बियाणे लवकर म्हातारे होते, हे जाणकारांना ठाऊक आहे. तिच्या नोंदवहीत मात्र दुसरी एक गोष्ट आहे. एकाच खोलीत, एकाच दिवशी ठेवलेल्या पोत्यांपैकी काहींनी ७० ची रेषा सोडली नाही आणि तीन पोती फारच खाली गेली. याचे कारण तिला माहीत नाही. पोस्टरचा केंद्रबिंदू ही गोष्ट व्हायला हवी.

त्यासाठी दोन बदल पुरतात. पहिला बदल शीर्षकात. ‘सोयाबीन बियाण्याच्या उगवणक्षमतेवर साठवण पद्धतींचा परिणाम’ या शीर्षकातून काय सापडले ते कळत नाही. त्याऐवजी ‘हवाबंद पिशवीत सोयाबीनची उगवण टिकली, एकाच खोलीतल्या पोत्यांत मात्र मोठा फरक पडला’ असे लिहिले तर निष्कर्षही कळतो आणि कोडेही. सारांश पाठवताना दिलेले शीर्षक बदलण्यास काही आयोजकांची हरकत असते. तसे असेल तर जुने शीर्षक वर ठेवून हे वाक्य त्याखाली मोठ्या अक्षरांत घ्यावे.

दुसरा बदल आलेखात. सरासरीचे दोन स्तंभ काढले तर तिचे कोडे त्या स्तंभांत बुडून जाते, कारण सरासरीला पोत्या-पोत्यांतला फरक दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येक पोत्यासाठी एक ठिपका काढावा, ७० टक्क्यांवर आडवी रेषा ओढावी आणि खाली गेलेले तीन ठिपके वेगळ्या रंगात दाखवावेत. लाल-हिरवी जोडी टाळावी, कारण काही पुरुषांना या दोन रंगांतला भेद दिसत नाही. निळा आणि नारिंगी हे रंग चालतात. अशा आलेखाचा मोठा फायदा असा की बघणारा बोट ठेवून विचारतो, ‘हे पोते कोणते?’ बोलणे तिथेच सुरू होते, आणि तेही त्याच्या प्रश्नाने.

आलेखाजवळच एक छोटी चौकट करावी आणि तिला ‘आम्हाला न कळलेले’ असे नाव द्यावे. तिच्यात दोन, फार तर तीन प्रश्न असावेत. ‘या तीन पोत्यांतल्या दाण्यांची साल मळणीत चिरली होती का? की साठवणीआधीच बुरशी होती?’ एवढे पुरे. असे लिहिले की मळणीयंत्रवाल्याला आणि बुरशीवाल्याला, दोघांनाही आपला विषय दुरून दिसतो.

बाकी मजकूर निर्दयपणे कापावा. सगळे मिळून तीनशे-चारशे शब्द पुरतात. पद्धतीत मात्र तज्ज्ञ शोधतो ते आकडे असलेच पाहिजेत: किती दाणे तपासले, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या दिवशी मोजले. उदाहरणार्थ, ‘प्रत्येक नमुन्याचे ४०० दाणे, ओल्या कागदाच्या गुंडाळीत, २५ अंश सेल्सियसला, अंतिम मोजणी आठव्या दिवशी’. हे एक वाक्य वाचून जाणकाराला कळते की चाचणी प्रमाण पद्धतीने झाली आहे, आणि तो थेट पुढच्या प्रश्नाकडे येतो.

आकार आणि छपाई

पोस्टरचे माप आणि ते उभे हवे की आडवे, हे आयोजकांच्या पत्रात पाहावे. ए-झिरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर हा आकार सर्रास चालतो, पण फळी अरुंद असेल तर आडवे पोस्टर तिच्यावर बसत नाही. मजकुराची अक्षरे २८ पॉइंटपेक्षा लहान नसावीत. तपासायची सोपी रीत अशी: पूर्ण पोस्टर साध्या ए-फोर कागदावर छापावे. तो बरोबर चौथ्या हिश्शाच्या लांबी-रुंदीचा होतो. हातात धरून वाचताना डोळे बारीक करावे लागले, तर मोठ्या पोस्टरवरही दीड मीटरवरून वाचता येणार नाही. मुख्य आलेख डोळ्यांच्या उंचीवर यावा आणि तळाच्या फूटभर पट्ट्यात महत्त्वाचे काही ठेवू नये, कारण तिथे कोणी वाकून वाचत नाही.

दुकानात पीडीएफच न्यावी. मूळ फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की देवनागरी जोडाक्षरे फुटतात, आणि गावांची किंवा वाणांची नावे मराठीत असतील तर त्यांची रया जाते. चकाकणाऱ्या फ्लेक्सवर दिव्यांचा उजेड परावर्तित होतो, म्हणून शक्य असेल तर कापडावर किंवा मॅट कागदावर छापावे.

पहिले वाक्य

सत्र सुरू झाले की पोस्टरच्या पुढ्यात उभे राहू नये. एका कडेला, आलेख मोकळा राहील अशा बाजूला उभे राहावे. कोणी थांबले तर त्याला शीर्षक आणि आलेख पाहायला काही क्षण द्यावेत. नजर आपल्याकडे वळली की नमस्कार करून एका वाक्यात काम सांगावे आणि लगेच त्याच्या कामाबद्दल विचारावे. हा प्रश्न आधी विचारणे शिष्टाचाराहून अधिक उपयोगाचे आहे. उत्तर मिळेपर्यंत पुढे काय सांगायचे हे आपल्यालाच ठरवता येत नाही, कारण त्याच पोस्टरचा बुरशीच्या अभ्यासकाला हवा असलेला भाग वेगळा आणि अभियंत्याला हवा असलेला वेगळा असतो.

इंदूरच्या परिषदेत बोलणे बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत सुरू होते. गळ्यातल्या ओळखपत्रावर अकोला, परभणी किंवा पुणे दिसले तर मराठीत बोलायला काहीच हरकत नाही, आणि मराठीत बोलणे मोकळेही होते. पण जबलपूरचा किंवा भोपाळचा कोणी मध्ये येऊन थांबला तर त्याच क्षणी हिंदीवर यावे आणि आतापर्यंतचे बोलणे त्याला एका वाक्यात सांगावे. दोघे एका भाषेत रंगले की तिसरा निघून जातो.

समजा, अकोल्याहून आलेले एक अभियंते थांबले आहेत.

‘नमस्कार सर. सोयाबीनची उगवण साठवणीत कशी टिकते ते आम्ही पाहिलं. आपलं काम बियाण्यावर आहे का?’

‘नाही, मी मळणीयंत्रांवर काम करतो. सहज थांबलो.’

‘मग आपल्याला हे तीन ठिपके दाखवते. एकाच खोलीतली पोती, पण ही तीन फार खाली गेली. तिन्हींचं बियाणं यंत्रानं मळलेलं होतं. वर राहिलेल्यांत यंत्राचंही आहे आणि बडवलेलंही.’

‘ड्रमचा वेग किती होता?’

‘तो आम्ही नोंदवला नाही.’

‘आणि मळताना दाण्यात ओलावा?’

‘साठवताना मोजला, मळताना नाही मोजला.’

‘वेग आता कळायचा नाही. बियाण्यासाठी मळताना मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्यांच्या आसपास ठेवा असं आम्ही सांगतो, पण भाड्यानं यंत्र चालवणाऱ्याला घाई असते. साल चिरली का, ते मात्र अजून कळेल. त्या पोत्यांतलं बियाणं उरलंय का?’

‘थोडं आहे, सर. कसं तपासायचं?’

‘सोडियम हायपोक्लोराइटचं सौम्य द्रावण करा, दाणे दहा मिनिटं ठेवा. साल चिरलेले दाणे फुगतात, ते मोजा.’

या संभाषणात तिने केलेल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. समोरचा बियाण्यावर काम करत नाही हे कळल्यावर तिने साठवणीची प्रस्तावना सोडून दिली आणि त्याला जोडून घेणारे तीन ठिपके पुढे केले. जे मोजले नव्हते ते ‘मोजले नाही’ असे सरळ सांगितले. तिने ‘वेग साधारणच होता’ असे म्हटले असते तर बोलणे तिथेच थांबले असते, कारण त्या उत्तरावर पुढे काही बांधता येत नाही. आणि शेवटी तिने ‘कसे’ हे विचारले. सल्ला ऐकून नुसती मान हलवली तर तो सल्ला पोस्टरपाशीच राहतो. प्रमाण किती, वेळ किती, मोजायचे काय, हे त्याच वेळी विचारून समोरच्यासमोर वहीत लिहून घ्यावे.

बोलणे अडते तेव्हा

काही जण एक शब्दही न बोलता वाचत राहतात. त्यांना वाचू द्यावे आणि मध्ये फक्त ‘काही विचारायचे असेल तर मी इथेच आहे’ एवढे म्हणावे. पण त्यांची नजर कुठे थांबते ते पाहावे. दोन-तीन वाचक पद्धतीच्या भागापाशी अडले, तर तिथे काहीतरी अस्पष्ट आहे असे समजावे आणि पुढच्या माणसाला ते आपणहून सांगावे.

कोणी तीव्र आक्षेप घेतला तर उत्तराची घाई करू नये. ‘तुमचे नमुने फारच कमी आहेत’ असे म्हणणाऱ्याला ‘हो, आणि किती असते तर आपल्याला पटले असते?’ असे विचारावे. ज्याला विषय खरोखर माहीत असतो तो आकडा सांगतो, कारणही सांगतो, आणि आक्षेपाचे रूपांतर पुढच्या प्रयोगाच्या आराखड्यात होते. ज्याच्याकडे आकडा नसतो त्याचा आक्षेप नम्रपणे वहीत लिहून घ्यावा आणि पुढे जावे.

एकच जण अर्धा तास खिळून बसला आणि मागे दोघे ताटकळत असले, तर मागच्यांना बोलण्यात ओढावे: ‘मॅडम, आपण बुरशीवर काम करता ना? सर सालीबद्दल बोलत आहेत. चिरलेल्या सालीतून बुरशी आत जाते का, हे आपण सांगू शकाल.’ यात कोणाचा अवमान होत नाही. कधी कधी सत्रातले सर्वांत चांगले बोलणे अशा दोन पाहुण्यांमध्येच होते, आणि आपण फक्त लिहून घ्यायचे असते.

आपल्याच विभागातले मित्र घोळक्याने उभे राहिले तर त्यांना प्रेमाने हलवावे. पोस्टरपाशी ओळखीच्यांची गर्दी दिसली की अनोळखी माणूस जवळ येत नाही.

प्रसिद्ध न झालेली आकडेवारी किती उघड करायची, हे मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठरवावे. कोणी मूळ आकड्यांची फाइल मागितली तर ‘मार्गदर्शकांना विचारून कळवते’ हे पूर्णपणे योग्य उत्तर आहे. पोस्टरचे छायाचित्र घेऊ द्यायचे नसेल तर तसे कोपऱ्यात छापावे, म्हणजे तोंडी नकार देण्याचा प्रसंग येत नाही.

त्याच संध्याकाळी आणि पुढे

प्रत्येक बोलण्यानंतर, पुढचा माणूस येण्यापूर्वी, चार गोष्टी लिहाव्यात: नाव, संस्था, त्यांनी सांगितलेली नेमकी गोष्ट आणि आपण काय पाठवायचे कबूल केले. चौथी गोष्टच बहुतेकांची राहून जाते. रात्री या नोंदी पुन्हा वाचाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी कोणी काय म्हटले ते एकमेकांत मिसळते.

दोन-तीन दिवसांत मेल पाठवावी, आणि प्रत्येकाला वेगळी. अभियंत्यांना ती अशी जाईल: ‘सर, पोस्टरपाशी आपण सालीच्या चाचणीबद्दल सांगितलेत. तिन्ही पोत्यांतले आणि तुलनेसाठी वर राहिलेल्या तीन पोत्यांतले प्रत्येकी शंभर दाणे घ्यावेत असा विचार आहे. एवढे पुरेसे होतील का? पोस्टरची पीडीएफ सोबत जोडली आहे.’ आभार, एक विचारपूस आणि कबूल केलेली वस्तू, एवढाच मजकूर. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर थांबावे.

खरा धागा दुसऱ्या मेलने जुळतो. चाचणी झाली की निकाल कसाही असो, कळवावा. तीन पोत्यांत फुगलेले दाणे जास्त निघाले तर मळणीचा संशय बळावतो. दोन्ही गटांत सारखेच निघाले तर साल हे कारण मागे पडते आणि बुरशीवाल्या मॅडमना लिहिण्याची वेळ येते, तेही हा निकाल सोबत जोडून. सांगितलेले करून पाहिले आणि नकारात्मक निकालही प्रामाणिकपणे कळवला, तर समोरचा पुढच्या वेळी स्वतःहून विचारतो.

पुढे हे काम शोधनिबंधापर्यंत गेले तर कोणाच्या सूचनेचे ऋण कसे मानायचे, हे लिहायला बसण्यापूर्वी मार्गदर्शकांशी ठरवावे. चाचणी सुचवणाऱ्याचे नाव ऋणनिर्देशात येते. त्याने पुढे प्रयोगाची आखणी केली, स्वतःच्या यंत्रावर वेगवेगळ्या वेगांनी मळून नमुने दिले आणि निकालांचा अर्थ लावण्यात भाग घेतला, तर सहलेखकत्वाचा विषय त्याच्यापाशी आपणच आधी काढावा.